लिंक्डइनच्या फीचर्डमध्ये सर्टिफिकेट टाकताय? मग हे करा

फीचर्डमध्ये फोटो किंवा पीडीएफ टाकताना टायटलमध्ये IMG_2043 तसंच राहू देऊ नका, स्क्रीन रीडर, म्हणजे अंध लोकांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला तेवढंच ऐकू येतं. टायटल द्या ‘टॅली कोर्सचं सर्टिफिकेट, २०२३’ आणि खाली डिस्क्रिप्शनमध्ये कोर्समध्ये काय शिकलात ते एका वाक्यात. फोटोची पोस्ट फीचर करणार असाल तर पोस्ट करतानाच ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे त्याचं वर्णन, भरा, ‘चा फोटो’ लिहायची गरज नाही कारण स्क्रीन रीडर इमेज आहे हे आधीच सांगतो, थेट लिहा ‘वर्कशॉपमध्ये वीसेक मुलींना फळ्यावर जीएसटी समजावताना मी’. आणि पीडीएफमधला मजकूर माऊसने सिलेक्ट होतो का बघा, नाही झाला तर ते नुसतं स्कॅन आहे, स्क्रीन रीडरला त्यातला मजकूर नीट वाचता येत नाही, मूळ वर्ड फाइलवरून परत पीडीएफ करा.