गहाणखतातली ‘मुदत संपली की खरेदी’ ही अट: या चुका टाळा

गहाणखतात पुष्कळदा एक ओळ असते: ‘पाच वर्षांत रक्कम परत न केल्यास सदर मिळकत कायम खरेदी समजली जाईल.’ मुदत टळली की गहाण देणारा ही ओळ वाचून घर गेलं असं धरून चालतो आणि पैसे जमले तरी सावकाराकडे जात नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे मुद्दल देय झाल्यावर पैसे देऊन मिळकत सोडवून घेण्याचा हक्क गहाण देणाऱ्याला असतो. पुढे पक्षकारांच्या कृतीने किंवा न्यायालयाच्या हुकुमानेच तो संपतो. इथे ‘पक्षकारांची कृती’ म्हणजे नंतरचा स्वतंत्र व्यवहार. गहाणखतातच हा हक्क बुडवणारी अट घातली असेल तर ती विमोचनाच्या, म्हणजे मिळकत सोडवून घेण्याच्या, हक्काला घातलेला अडसर ठरते आणि तेवढी अट रद्दबातल होते. बाकीचं गहाण कायम राहतं. कायदा इतका कडक आहे, कारण कर्ज घेताना गरजू माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. मुरारीलाल विरुद्ध देवकरण (१९६४) या खटल्यात १५ वर्षांत पैसे न दिल्यास मिळकत गहाण घेणाऱ्याची होईल अशी अट होती. गहाण झालं तेव्हा अलवर संस्थानात हा अधिनियम लागूही नव्हता, तरी सर्वोच्च न्यायालयाने न्यायबुद्धीच्या तत्त्वावर सोडवणुकीचा हक्क मान्य केला.

दुसरी चूक मुदत खरेदीच्या कागदाबाबत होते. ‘विक्री, पण पैसे परत दिल्यास मिळकत परत’ असा व्यवहार गहाण ठरायचा असेल तर परतीची अट त्याच दस्तात असावी लागते. कलम ५८(क) मधली ही तरतूद १९२९ च्या दुरुस्तीने आली. खरेदीखत एक आणि परत देण्याचा करार वेगळ्या कागदावर, असं असेल तर ते गहाण धरलं जात नाही. मग ठरलेली तारीख काटेकोर पाळावी लागते आणि ती टळल्यावर कलम ६० मदतीला येत नाही. म्हणून आधी कागद किती आहेत ते मोजा. अट एकाच दस्तात असली तरी गहाण आपोआप सिद्ध होत नाही. दिलेली रक्कम बाजारभावापेक्षा फारच कमी आहे का, कर्जाचं नातं दिसतं का, हेही न्यायालय बघतं.

लांब मुदत दिसली की ती अडसरच, हा समजही चुकीचा आहे. गंगाधर विरुद्ध शंकरलाल (१९५८) मध्ये ८५ वर्षांची मुदत टिकली. पण त्यानंतर ठरावीक काळात न सोडवल्यास हक्क संपेल ही पुढची अट टिकली नाही. सावकाराने गरजेचा गैरफायदा घेतला होता का, अटी एकतर्फी आहेत का, हा खरा प्रश्न असतो. उलट, मुदत संपण्याआधी सोडवण्याची मुभा दस्तात नसेल तर साधारणपणे थांबावं लागतं.

आता समजा, ५ लाख रुपये सरळव्याजाने, वर्षाला १२ टक्के दराने घेतले, मुदत ५ वर्षांची होती, आणि सहाव्या वर्षाअखेर पैसे जमले. आतापर्यंत काहीच फेडलेलं नाही. व्याज ३ लाख ६० हजार, म्हणजे एकूण देणं ८ लाख ६० हजार. सावकार म्हणतो, ‘मुदत गेली, आता घर माझं.’ इथे तोंडी बोलणी करत बसणं ही पुढची चूक, कारण व्याज चालूच राहतं. कलम ८३ खाली न्यायालयात अर्ज करून रक्कम भरावी. न्यायालय सावकाराला नोटीस काढतं. गहाण देणाऱ्याने आपल्याकडून करायचं ते सगळं केलं असेल आणि नोटीस बजावली गेली, की कलम ८४ प्रमाणे व्याज थांबतं. मात्र फक्त ५ लाख मुद्दल भरलं किंवा हजार-दोन हजारांनी कमी भरलं, तर सावकार बाकीवर बोट ठेवतो आणि व्याज थांबल्याचा दावा अडचणीत येतो. हिशेब वकिलाकडून तपासून, शंका असेल तिथे थोडी जास्त रक्कम भरलेली बरी. तरीही सावकाराने कागद परत दिले नाहीत तर सोडवणुकीचा दावा लावावा. साध्या गहाणात त्याची मुदत ३० वर्षं, हक्क उपलब्ध झाल्यापासून मोजायची. मिळकतीचा ताबा सावकाराकडे देऊन केलेल्या कब्जेगहाणात नुसती ३० वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सिंग राम विरुद्ध शिव राम (२०१४) मध्ये स्पष्ट केलं आहे.

दरम्यान सावकार ‘जुना वाद मिटवू’ म्हणत नवा कागद पुढे करतो, त्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. गहाणानंतर स्वतंत्रपणे, योग्य मोबदल्यात केलेली विक्री अडसर ठरत नाही. पहिल्या दस्तातली अट ज्या कारणाने रद्द झाली असती, ते कारण या दुसऱ्या कागदाला लागू नसतं.

बँकेचं कर्ज असेल आणि बँकेला न्यायालयात न जाता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली कारवाई सुरू असेल तर ही सवड मिळत नाही. तिथे संपूर्ण देणी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच चुकती करावी लागतात.