54.8 म्हणजे 55 नव्हे

एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचा निकाल लागला तेव्हा मी नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत बसले होते. गुणपत्रिकेवर सीजीपीए 6.23 होता. गुणपत्रिकेच्या मागे टक्केवारीचं सूत्र छापलेलं होतं: सीजीपीएमधून 0.75 वजा करा आणि 10 ने गुणा. उत्तर आलं 54.8. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "55च की गं! पेढे आण."

मी पेढे आणलेही. सहायक प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची सेट परीक्षा मी चौथ्या सेमिस्टरमध्येच देऊन टाकली होती आणि त्यात पासही झाले होते. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं, त्यामुळे ती द्यायची म्हणजे गणेशखिंडीला एक चक्कर, इतकं ते घरचं वाटतं. प्राध्यापकीचा रस्ता मोकळा झाला असं मला वाटलं. दोन दिवसांनी परीक्षेची माहितीपुस्तिका पुन्हा उघडली आणि पात्रतेचं कलम पहिल्यांदा नीट वाचलं. खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के. सेटसारखीच देशपातळीवर होणारी परीक्षा म्हणजे नेट, तिच्या पुस्तिकेत तर या आकड्याशेजारी कंसात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे गुण पूर्णांकात न आणता धरायचे. म्हणजे 54.99 सुद्धा 55 नाही. मी तर 54.8 वर होते.

शेवटच्या वर्षाची मुलं इथे हमखास फसतात. निकाल लागायच्या आधी नेट-सेटला बसता येतं, हॉलतिकीट येतं, पासही होता येतं. तोवर टक्केवारी कुणी विचारत नाही. पण नेट-सेटच्या निकालापासून दोन वर्षांच्या आत ठरलेल्या टक्क्यांसह पदवी हातात नसेल तर ते पास होणं रद्द. म्हणजे परीक्षेला बसू दिलं याचा अर्थ आपण पात्र आहोत असा नसतो.

"पण राउंड अप करतातच ना?" हा प्रश्न मला अजूनही दर निकालानंतर येतो. करतात, पण ते वेगळ्या पातळीवर. आमच्याकडे एखाद्या पेपरच्या बेरजेत अर्धा गुण आला तर तो पूर्ण धरायचे, 59.5 चे 60 व्हायचे. सीजीपीएही दोन दशांशांपर्यंत आणताना पुढच्या आकड्याला जायचा. माझा खरा सीजीपीए 6.225 होता, छापला गेला 6.23. तिथपर्यंत विद्यापीठ स्वतःच्या नियमाने स्वतःचा आकडा तयार करत असतं. पुढे तो आकडा "किमान अमुक" अशा अटीसमोर गेला की पूर्णांक-बिर्णांक काही नाही. बँकांच्या भरतीत तर आयबीपीएस जाहिरातीतच सांगतं की अपूर्णांक सोडून दिला जाईल, 59.99 टक्के हे 60 पेक्षा कमीच समजले जातील. माझ्या मते यात अन्याय नाही. 54.5 ला 55 मानलं तर खरी रेषा 54.5 वर सरकते, आणि मग 54.4 वाला दारात उभा राहतो.

ग्रेस गुणांचंही तेच. काही विद्यापीठं थोडक्यात हुकलेला वर्ग ग्रेस देऊन वर नेतात. प्रमाणपत्रावर वरचा वर्ग छापून येतो, घरचे खूश होतात. पण सहायक प्राध्यापक पदासाठी यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत 55 टक्के हे ग्रेस सोडूनच मोजायचे आहेत.

अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट 50 टक्क्यांची आहे, तेव्हा आधी आपली रेषा नक्की कुठली ते बघा. मी खुल्या प्रवर्गातली, माझी 55चीच.

आता हिशेब. तो तेव्हा मी निकालानंतर केला, खरं तर तिसऱ्या सेमिस्टरनंतर करायला हवा होता. सरासरीकडे बघत बसलं की आपण "0.02 ने हुकलो" असं म्हणतो, आणि 0.02 म्हणजे काय करायला हवं होतं ते कळतच नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि बेरीज मांडा. आमचा कोर्स 80 क्रेडिटचा. 55 टक्क्यांसाठी सीजीपीए लागतो 6.25. 80 गुणिले 6.25 म्हणजे 500. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्यात मिळालेला ग्रेड पॉइंट, या सगळ्याची बेरीज 500 व्हायला हवी. माझी झाली होती 498.

दोन पॉइंट. आमच्याकडे 50 ते 59 गुणांना 6 आणि 60 ते 69 ला 7 ग्रेड पॉइंट होते. शेवटच्या सेमिस्टरला चार क्रेडिटचे चार थिअरी पेपर आणि दोन क्रेडिटची दोन प्रॅक्टिकल्स होती. त्यातल्या एका प्रॅक्टिकलमध्ये मला 50 पैकी 29 होते, म्हणजे 58 टक्के, म्हणजे 6 पॉइंट. तिथे 30 मिळाले असते तर 7 झाले असते, दोन क्रेडिटचे दोन पॉइंट वाढले असते आणि बेरीज बरोबर 500 भरली असती. त्या प्रॅक्टिकलचं जर्नल मी सबमिशनच्या तारखेनंतर चार दिवसांनी सही करून घेतलं होतं. जर्नलचा एक गुण गेला होता. "प्रॅक्टिकलचं काय एवढं," असं म्हणत मी तेव्हा रात्री थिअरीच वाचत होते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. 80 क्रेडिटच्या कोर्समध्ये बेरीज एकेका पॉइंटने सरकते, म्हणजे सीजीपीए कमीत कमी 0.0125 च्या पायरीने. 499 झाले असते तर 6.2375, छापून आलं असतं 6.24. तेव्हा छपाईत पुढे गेलेला दशांश या कोर्समध्ये कुणालाही 6.25 वर नेऊच शकत नाही. एक तर 500 भरतात, नाही तर नाही. हे कळल्यावर "बघू, कदाचित पुढे धरतील" ही आशा मनातून गेली आणि मला बरंच वाटलं.

मग दुरुस्ती. सगळ्यांनी पहिला सल्ला दिला रीव्हॅल्युएशनचा. पण माझा गुण गेला होता प्रॅक्टिकलमध्ये, आणि आमच्याकडे फोटोकॉपी आणि रीव्हॅल्युएशन फक्त थिअरीच्या लेखी परीक्षेला होतं; प्रॅक्टिकल आणि इंटर्नलला नाही. थिअरीत मला 64, 58, 57 आणि 51 होते. 58 च्या पेपरची फोटोकॉपी मागवली. आपल्या उत्तरपत्रिकेत बेरजेची चूक किंवा न तपासलेलं उत्तर सापडलं तरच पुढे पैसे घालण्यात अर्थ असतो. माझ्या उत्तरपत्रिकेत तसं काही नव्हतं. तपासणाऱ्याने जे दिलं होतं ते, खरं सांगायचं तर, योग्यच होतं.

राहिली श्रेणीसुधार योजना, म्हणजे पास झालेला पेपर ग्रेड वाढवण्यासाठी पुन्हा देणं. प्रत्येक विद्यापीठात तिचे नियम निराळे आहेत: किती वर्षांच्या आत, किती पेपर, नवे गुण कमी आले तर जुने राहतात का. हे सीनियरला विचारून ठरवू नका, अध्यादेशाची प्रत काढा आणि परीक्षा विभागात विचारा. आमच्याकडे निवडलेले थिअरी पेपर देता येत होते आणि जुने गुण सुरक्षित राहत होते.

पण पेपर कोणता द्यायचा? मैत्रीण म्हणाली, "51 वाला दे, तिथे वाढायला जागा आहे." ऐकायला पटतं, पण हिशेब उलटं सांगतो. 51 चे 59 केले, म्हणजे आठ गुण वाढवले, तरी ग्रेड पॉइंट 6 च राहतो आणि बेरीज एका पॉइंटनेही हलत नाही. 58 चे 60 केले, म्हणजे दोनच गुण वाढवले, की 6 चे 7 होतात आणि चार क्रेडिटमुळे चार पॉइंट मिळतात. मी 58 वाला दिला. 63 पडले. बेरीज 502, सीजीपीए 6.275, छापून आला 6.28, टक्के 55.3. दोन वर्षांची मुदत संपायला सात महिने बाकी असताना नवी गुणपत्रिका हातात आली. मधल्या काळात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेत होते, तेव्हा दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायचं, "सेटचं सर्टिफिकेट जमा केलंत का?"

कुणी सुचवेल की अर्जात टक्क्यांच्या रकान्यात सरळ 55 लिहून टाक. मलाही सुचवलं होतं. रकाना तेवढ्यापुरता घेतो, पण कागदपत्रं तपासताना गुणपत्रिका आणि तिच्यामागचं सूत्र दोन्ही पुढे असतात. तेव्हा अपात्र ठरण्याबरोबर खोटी माहिती दिल्याचा शिक्काही बसतो.

आता तिसऱ्या सेमिस्टरला असलेल्यांसाठी. माझी तेव्हाची बेरीज 60 क्रेडिटला 370 होती, म्हणजे शेवटच्या 20 क्रेडिटमधून 130 हवे होते. मी तेव्हा कागदावर मांडलं असतं तर दिसलं असतं की चारही थिअरीत 6 आणि दोन्ही प्रॅक्टिकलमध्ये 8 मिळवले तरी 128 च होतात. म्हणजे प्रॅक्टिकलमध्ये 8 च्या वर जाणार नसले तर एका तरी थिअरीत 60 गाठणं भाग होतं आणि शिवाय दोन्ही प्रॅक्टिकल्स सांभाळणंही. लक्ष्यही 130 न ठेवता 134 ठेवा. चार क्रेडिटच्या एका पेपरात एक ग्रेड घसरली की चार पॉइंट जातात, आणि एखादा पेपर घसरतोच. इंटर्नलचे गुण लेखी परीक्षेच्या आधी कळत असतील तर ते मांडून बघा, कोणता पेपर कड्यावर उभा आहे ते तिथेच दिसतं.

गेल्या महिन्यात एक ज्युनियर अभ्यासिकेत वही घेऊन आली. तिला दोन पेपरांची काळजी होती. एकात अंदाजे 67 येतील आणि दुसऱ्यात 59, आणि शेवटचे दहा दिवस कुठे घालवू, असं विचारत होती. पहिला तिचा आवडता विषय, त्यातच ती आणखी चार गुण वाढवून 71 करणार होती. तोही मार्ग चुकीचा नव्हता, 70 ओलांडलं की 8 मिळतात. पण तिथे तीन गुण हवेत, इथे एक, आणि दोन्ही पेपर चार-चार क्रेडिटचे. तिने वहीत 59 भोवती गोल केला आणि विचारलं, "ताई, या विषयाचं जर्नल कधीपर्यंत द्यायचं असतं?"

मी तिला नोटीस बोर्डाचा फोटो काढून आणायला पिटाळलं.