आई-बाबांच्या व्हिडिओ कॉलसाठी जुना लॅपटॉप: लिनक्स की विंडोज?

आधी एवढं विचारून घ्या की आई-बाबा कॉल कशावर करतात. व्हॉट्सॲपचं विंडोजसाठी ॲप आहे, लिनक्ससाठी कंपनीने काढलेलं नाही. गूगल मीट ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे त्याला दोन्ही सारखेच.

मग प्रोसेसरचं नाव बघा. समजा `i3-5005U` आहे. डॅशनंतरचा ५ म्हणजे पाचवी पिढी. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला, मोजके अपवाद सोडता, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अनोळखी लिंकवर पटकन बोट पडणाऱ्या माणसांच्या हाती अपडेट न मिळणारं विंडोज द्यायला माझं मन धजत नाही. लॅपटॉप आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर सरळ विंडोज ११ ठेवा, त्यांना सवयीचं आहे. त्याआधीचा असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला आणि व्हॉट्सॲप फोनवरच राहू द्या. मिंटला ४ जीबी रॅम पुरते. जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून घ्या. लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळ त्यानेच सगळ्यात कमी होतो.

इन्स्टॉल करण्याची घाई मात्र करू नका. मिंट पेनड्राइव्हवरून चालतं, डिस्कला हात न लावता. तसंच सुरू करून वायफाय जोडा, फायरफॉक्समध्ये मीट उघडा आणि दुसऱ्या खोलीतल्या फोनशी पंधरा-वीस मिनिटं बोला. कॅमेरा दिसतो पण आवाज जात नाही, असं झालं तर साउंड सेटिंगमध्ये बहुतेकदा चुकीचा माइक निवडलेला असतो. वायफायची यादीच दिसत नसेल, तर फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हर बहुतेकदा तिथे मिळतो. तरीही जमलं नाही, तर छोटं यूएसबी वायफाय लावून बघा. लॅपटॉप त्यांच्या घरी पोचल्यावर हे शोधत बसणं फार जड जातं.

चाचणी जमली की जुने फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढा, कारण पूर्ण डिस्कवर इन्स्टॉल करताना सगळं पुसलं जातं. नंतर पासवर्ड न विचारता लॉगिन होईल असं करा आणि अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप होऊ द्या. फायरफॉक्समध्ये त्यांचं जीमेल खातं उघडं ठेवा. मीटला कॅमेरा-माइकची परवानगी देताना ‘लक्षात ठेवा’वर टिक करा, नाहीतर दर वेळी तो प्रश्न येईल आणि आई घाबरून नकार दाबेल. तुमच्या रोजच्या मीटची लिंक फायरफॉक्सचं होमपेज करून टाका. मोफत खात्यावर तिघे किंवा जास्त जण असले की कॉल एका तासात बंद होतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.