‘आधी कोणाकडे जाल?’ : स्टाफ नर्सच्या मुलाखतीतला वॉर्डचा प्रश्न कसा सोडवावा

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली मुलाखतीला जातात, तेव्हा व्याख्या बहुतेकींना पाठ असतात. अडचण होते ती वॉर्डचा प्रसंग समोर ठेवल्यावर. अशा एकाच प्रश्नाची तयारी नीट करून पाहू.

प्रश्न असा : नाइट ड्युटी, फिमेल वॉर्ड, तुम्ही आणि एक ज्युनिअर सिस्टर. सहा नंबरच्या बाईला दहा मिनिटांपूर्वी रक्त लावलंय, तिला थंडी वाजून कंबर दुखू लागली आहे आणि दम लागतोय. नऊ नंबरच्या आजींनी संध्याकाळी इन्सुलिन घेतलं, पण चतुर्थीचा उपवास म्हणून जेवल्या नाहीत. आता घामाने भिजल्यात आणि असंबद्ध बोलताहेत. तीन नंबरला पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, ती दुखण्याचं इंजेक्शन मागतेय. आणि बारा नंबरचे नातेवाईक ‘सलाईन संपली, हवा जाईल’ म्हणून ओरडताहेत. आधी कोणाकडे जाल?

सर्वात मोठा आवाज बारा नंबरचा आहे, म्हणून अनेकजणी तिकडेच धावतात. क्रम लावताना एवढंच विचारा : श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध यांपैकी कोणाचं काय बिघडलंय, आणि माझ्या हातून कोणतं नुकसान या क्षणी थांबू शकतं? सहा नंबरला पडणारा प्रत्येक थेंब नुकसान वाढवतोय आणि तो थांबवायला काही सेकंद पुरतात. म्हणून आधी तिच्याकडे. नऊ नंबरही तितकीच घाईची आहे, पण तिची शुगर लगेच तपासायला तुम्ही ज्युनिअर सिस्टरला पाठवू शकता. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत, आणि हे तोंडाने सांगायला हवं. कोणाला कोणतं काम दिलं हे न सांगणाऱ्या उमेदवाराचं उत्तर अर्धं राहतं.

आता सहा नंबरवर नेमकं काय कराल ते क्रमाने सांगा. रक्त बंद करा. सुई काढू नका, शीर हाताशी राहू द्या. सेट बदलून नवीन सेटवर नॉर्मल सलाईन चालू ठेवा. त्याच सेटमधून सलाईन सोडली तर नळीत उरलेलं रक्तही आत जातं, हे कारण सांगितलंत की समज दिसते. पल्स, बीपी, टेम्परेचर, ऑक्सिजनची पातळी पाहा, दम आहे म्हणून ऑक्सिजन लावा आणि डॉक्टरांना फोन करा. फोनवर काय बोलाल तेही म्हणून दाखवा :

‘सर, फिमेल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. सहा नंबरला रक्त सुरू करून दहा मिनिटं झाली, थंडी, कंबरदुखी आणि दम सुरू झालाय. पल्स १२४, बीपी ९०/६०. रिॲक्शन वाटतेय, रक्त बंद करून नवीन सेटवर एनएस लावलंय. तुम्ही लगेच या.’

त्यानंतर पिशवीवरचं नाव, नंबर, रक्तगट रुग्णाच्या केसपेपरशी पुन्हा जुळवा. पिशवी आणि सेट फेकू नका, ते रक्तपेढीत परत जातात. लघवीचा रंग पाहा, वेळेसकट सगळं लिहा. इथे ‘तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असा उलटा प्रश्न येऊ शकतो. रक्त लावल्यावर पहिली १५ मिनिटं सिस्टरने रुग्णाजवळच थांबायचं असतं, म्हणून हा प्रश्न रास्त आहे.

नऊ नंबरची शुगर ७० पेक्षा कमी आली आणि आजींना नीट गिळता येत असेल तर साधारण तीन चमचे साखर पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. गुंगी असेल तर तोंडावाटे काहीही नाही, साखर फुप्फुसात जाईल. तिथे डॉक्टरांच्या ऑर्डरने किंवा रुग्णालयाच्या ठरलेल्या पद्धतीने शिरेतून डेक्स्ट्रोज. ‘उपवास आहे का?’ हे इन्सुलिन देण्यापूर्वीच विचारायला हवं होतं, हेही सांगा. आपल्याकडे हा प्रश्न रोज विचारावा लागतो.

बारा नंबरला जाता जाता रोलर बंद करून ‘पाच मिनिटांत येते’ म्हणायचं. मावशींना बाटली बदलायला सांगू नका. तीन नंबरबाबत मात्र सावध राहा. ‘दुखतंय’ म्हणजे शेवटचा क्रमांक, असं पाठ करू नका. तिचं पोट फुगून कडक झालंय का, पल्स वाढतेय का, हे मुलाखत घेणाऱ्यांनाच विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर तिचाही क्रम वर सरकतो.

सरावासाठी आणखी एक प्रसंग घ्या : फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी, तोंडाला फेस, बाहुल्या बारीक. कुशीवर वळवणं, सक्शन, आणि हातमोजे घालून त्याचे कपडे काढणं, अशी सुरुवात करून पुढचा क्रम मैत्रिणीसमोर मोठ्याने सांगा. दर पायरीला तिने ‘का?’ विचारायचं.