वायूंची देवाणघेवाण: दाब वेगळा, प्रमाण वेगळं, हे धरून पाच प्रश्न कसे सोडवायचे

अकरावीच्या बायोलॉजीतला श्वसनाचा धडा मुलांना पाठ असतो, तक्त्यातले आकडे तोंडावर असतात, आणि तरी न्युमेरिकल किंवा कारण विचारणारा प्रश्न आला की गाडी अडते. इंदूरला मराठी घरातल्या नीटची तयारी करणाऱ्या मुलांना मी हा भाग शिकवते, आणि माझ्या मते अडायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, वायूचा दाब आणि वायूचं प्रमाण यांची सरमिसळ. म्हणून खाली पाच प्रश्न त्याच धाग्यावर घेतलेत आणि प्रत्येकाचं उत्तर पूर्ण सोडवून दिलंय. आधी स्वतः वहीत करा, मग माझं बघा.

सुरुवात करण्याआधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात हे लिहून घ्या, सगळे आकडे मिलिमीटर पाऱ्यात. ऑक्सिजन: बाहेरच्या हवेत १५९, वायुकोशात १०४, फुप्फुसाकडे येणाऱ्या अशुद्ध रक्तात ४०, शुद्ध रक्तात ९५, ऊतींमध्ये ४०. कार्बन डायऑक्साइड त्याच क्रमाने: ०.३, ४०, ४५, ४०, ४५. (हिंदी मीडियमवाल्यांनी वायुकोशाला कूपिका म्हटलं तरी चालेल.)

आता पद्धत. प्रश्न वाचला की समासात आधी लिहायचं, इथे दाब विचारलाय की प्रमाण. वायू कुठून कुठे जाईल हे दाब ठरवतो, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, बस. रक्तात किती मिलिलिटर वायू आहे हे मात्र नुसत्या दाबावरून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिन किती आणि त्यातलं किती टक्के भरलेलं ते लागतं.

प्रश्न १. वायुकोशापाशी ऑक्सिजनच्या दाबातला फरक मोठा आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा अगदी छोटा, तरी कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर कसा पडतो?

समासात लिहा: दाब. मग वजाबाकी करा. ऑक्सिजन १०४ − ४० = ६४. कार्बन डायऑक्साइड ४५ − ४० = ५. म्हणजे ऑक्सिजनला ढकलणारा फरक जवळपास तेरा पट आहे. पण कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ऑक्सिजनच्या २० ते २५ पट असते, आणि पडदा ओलसर असल्यामुळे विरघळल्याशिवाय कुठलाच वायू पलीकडे जात नाही. २० धरा: ५ × २० = १००, आणि समोर ६४ × १ = ६४. पडदा तोच, क्षेत्रफळ तेच, जाडी तीच, मग कार्बन डायऑक्साइड मागे पडायचं कारणच उरत नाही. हा गुणाकार ढोबळ तुलनेसाठी आहे, तो काही अचूक वेग नाही, पण उत्तरात तेवढा पुरतो.

चूक कुठे होते? बरीच मुलं लिहितात, तो हलका असतो म्हणून. नाही. CO2 चा रेणुभार ४४ आणि O2 चा ३२, म्हणजे तो जडच आहे. विद्राव्यता हा शब्द उत्तरात नसेल तर मुख्य मुद्दाच राहिला असं समजा.

प्रश्न २. बाहेर १५९ आणि वायुकोशात १०४, मधले ५५ कुठे गेले? आणि इंदूरला हा आकडा किती येईल?

पुन्हा दाबच. पहिली पायरी: नाकातून आत जाताना हवा ओली होते, आणि ३७ अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचा स्वतःचा दाब ४७ असतो. तो एकूण दाबातून आधी वजा करायचा. ७६० − ४७ = ७१३, आणि त्याचे २०.९ टक्के म्हणजे १४९. दहा इथेच गेले. दुसरी पायरी: एका श्वासात ५०० मिली हवा येते, त्यातली साधारण १५० मिली नळ्यांमध्येच राहते, उरलेली ३५० मिली आत आधीपासून असलेल्या २१०० ते २३०० मिली हवेत जाऊन मिसळते. त्या जुन्या हवेतून रक्त सारखं ऑक्सिजन उचलत असतं आणि कार्बन डायऑक्साइड टाकत असतं. म्हणून १४९ वरून १०४.

आता इंदूर. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ७६० नसून ७१० च्या आसपास असतो. तेच गणित: ७१० − ४७ = ६६३, त्याचे २०.९ टक्के साधारण १३९. बडोद्याची मावसबहीण हेच गणित करेल तर तिला जवळपास १४९ येईल, कारण बडोदं जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. म्हणजे आपल्या वायुकोशातही ऑक्सिजन दहाएक मिलिमीटरने कमी, १०४ च्या जागी ९४ च्या आसपास. मग आपल्याला धाप का लागत नाही? कारण या भागात हिमोग्लोबिनचा आलेख जवळपास सपाट असतो, दाब दहाने उतरला तरी भरलेलं हिमोग्लोबिन टक्का-दीड टक्काच कमी होतं. दाब बदलला पण प्रमाण जवळपास तेच राहिलं, हा मुद्दा पुढच्या प्रश्नात कामाला येईल. परीक्षेत मात्र उंची दिलेली नसेल तर पुस्तकातले १५९ आणि १०४ च घ्या.

प्रश्न ३. १०० मिली रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. शुद्ध रक्तात ते ९७ टक्के आणि अशुद्ध रक्तात ७५ टक्के भरलेलं आहे. १०० मिली रक्त ऊतींना किती ऑक्सिजन देतं?

समासात: प्रमाण. १ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. म्हणून कमाल १५ × १.३४ = २०.१ मिली.

शुद्ध रक्त: २०.१ चे ९७ टक्के = १९.५. प्लाझ्मात विरघळलेला वेगळा मोजायचा, दर मिलिमीटर दाबाला ०.००३ मिली, म्हणून ९५ × ०.००३ = ०.३. एकूण १९.८.
अशुद्ध रक्त: २०.१ चे ७५ टक्के = १५.१, विरघळलेला ४० × ०.००३ = ०.१. एकूण १५.२.
फरक ४.६ मिली. पुस्तकात साधारण ५ मिली लिहिलंय ते इथून येतं.

उत्तर बरोबर आलं का हे तपासायची एक छान सोय आहे. विश्रांतीत हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे १०० मिलीचे ५० भाग. ऑक्सिजन ५० × ५ = २५० मिली. कार्बन डायऑक्साइड दर १०० मिलीला ४ मिली बाहेर पडतो, म्हणजे २०० मिली. २०० ला २५० ने भागा, ०.८ येतं, आणि मिश्र आहारावरच्या माणसाचा श्वसन गुणांक साधारण तेवढाच असतो. तुमचं उत्तर १ च्या बरंच वर गेलं तर कुठेतरी ५० ने गुणायचं राहिलंय किंवा आकडे उलटे झालेत.

एक शंका हुशार मुलं हमखास विचारतात. पुस्तक म्हणतं ३ टक्के ऑक्सिजन विरघळून जातो, पण १९.८ मधले ०.३ म्हणजे दीडच टक्का झाला की! शंका रास्त आहे. ते ९७ आणि ३ ऊतींना पोहोचवलेल्या ऑक्सिजनचे आहेत असं धरून बघा: विरघळलेल्यातून पोहोचला साधारण ०.१७, एकूण पोहोचला ५ च्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन टक्के. जुळतं.

प्रश्न ४. पळताना पायाच्या स्नायूत ऑक्सिजनचा दाब ४० वरून २० वर आला आणि हिमोग्लोबिन ३५ टक्केच भरलेलं राहिलं. आता किती ऑक्सिजन सुटला? आम्ल आणि उष्णता वाढल्यामुळे ते २५ टक्क्यांवर आलं तर?

विरघळलेला छोटा आहे, सोडून देऊ. विश्रांतीत ९७ − ७५ = २२ टक्के, २०.१ चे २२ टक्के = ४.४ मिली. पळताना ९७ − ३५ = ६२ टक्के, म्हणजे १२.५ मिली. आता दाब बघा: ९५ वरून ४० पर्यंत, तब्बल ५५ उतरला तेव्हा ४.४ मिली सुटला, आणि ४० वरून २० पर्यंत फक्त २० उतरला तर वरचे ८ मिली सुटले. आलेख एस आकाराचा असतो म्हणजे काय ते याच्यातच आहे, वर सपाट आणि मध्ये उभा उतार, त्यामुळे फुप्फुसात दाब थोडा कमी झाला तरी रक्त भरतं आणि स्नायूत दाब थोडा कमी झाला की भराभर रिकामं होतं. आकृती काढताना रेष सरळ काढू नका, नाहीतर उत्तरातलं कारण आणि आकृती एकमेकांशी जुळणार नाहीत.

आम्ल वाढलं, कार्बन डायऑक्साइड वाढला, तापमान वाढलं की आलेख उजवीकडे सरकतो, म्हणजे त्याच दाबाला हिमोग्लोबिन कमी भरलेलं. ९७ − २५ = ७२ टक्के, १४.५ मिली. दाब २० च होता, तरी २ मिली जास्त मिळाला. उजवीकडे म्हणजे ऊतींना जास्त, एवढं पक्कं ठेवा, मुलं इथेच उलटं लिहितात.

प्रश्न ५. एकाचं हिमोग्लोबिन ९ ग्रॅम आहे. दुसऱ्याचं १५ ग्रॅम, पण बंद खोलीत सिगडी पेटवून झोपल्यामुळे त्यातल्या ४० टक्क्यांवर कार्बन मोनॉक्साइड बसलाय. कोण जास्त धोक्यात?

आपल्याकडे माळव्यात जानेवारीच्या थंडीत सिगडी घरात घेतात, म्हणून हा प्रश्न मी मुद्दाम देते. दाब आणि प्रमाण दोन्ही लागतील.

पहिला: ९ × १.३४ = १२.१, त्याचे ९७ टक्के = ११.७ मिली. दुसरा: १५ पैकी ६० टक्के मोकळं, म्हणजे ९ ग्रॅमच, पुन्हा ११.७ मिली. प्रमाण सारखं! आणि शुद्ध रक्तातला ऑक्सिजनचा दाब दोघांचाही ९५ च्या आसपासच, कारण तो फुप्फुसावर ठरतो, हिमोग्लोबिनवर नाही.

तरी दुसरा जास्त धोक्यात. कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा साधारण २०० ते २५० पट घट्ट धरला जातो, आणि तो एका जागेवर बसला की त्याच रेणूतल्या बाकीच्या जागा त्यांचा ऑक्सिजनही सोडेनाशा होतात. आलेख डावीकडे सरकतो. अॅनिमियावाल्याचं रक्त ११.७ मधले ५ मिली बऱ्यापैकी दाबाला देऊन टाकतं, याचं रक्त मात्र ऊतींमधला दाब खूप खाली गेल्याशिवाय देत नाही, आणि सगळ्यात आधी त्रास मेंदूला होतो. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर इथे फसवतं, कारण त्याला दोन प्रकारचं भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, ते ९८ दाखवत राहतं. या वायूला वासही नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदमच, ही खूण. लगेच मोकळ्या हवेत न्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

जोडप्रश्न: तिथे शुद्ध ऑक्सिजन का देतात? साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड जायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की वायुकोशातला दाब सहाशेच्या वर जातो, त्याच जागांसाठी ऑक्सिजनची चढाओढ तितकीच वाढते, आणि तेवढंच काम साधारण दीड तासात होतं. शिवाय विरघळलेलाही वाढतो, ६०० × ०.००३ = १.८ मिली, ०.३ च्या सहा पट.