फ्रिजमध्ये गॅस भरताना या चुका टाळा: काटा शून्याखाली गेला म्हणजे गॅस कमी झाला असे नव्हे

ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यात घरगुती फ्रिज दुरुस्त करताना मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे ‘गॅस संपला असेल, भरून द्या’. ग्राहकाने हे म्हटले तर त्यात त्याचा दोष नाही, कारण स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो तसाच फ्रिजचा गॅसही संपत असेल असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हातात दाब मोजण्याचे गेज घेतलेला माणूसही जेव्हा तेच म्हणतो, तेव्हा मला राग येतो. फ्रिजमधला गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये त्याच त्या वाटेने फिरत राहतो, आणि नळीला कुठे छिद्र पडले नसेल तर पंधरा वर्षांनीही तो तितकाच असतो.

ही वाट एकदा नीट समजली, तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत. फ्रीझरच्या नळ्यांमध्ये द्रवरूप गॅस कमी दाबाखाली उकळत असतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या दुधाभाज्यांमधून घेतो. त्याची जी वाफ होते ती कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि इतकी दाबतो की ती स्वयंपाकघरातल्या हवेपेक्षा बरीच गरम होते. गरम वस्तूची उष्णता थंड वस्तूकडे जाते, उलट जात नाही, म्हणून ३३ अंशांच्या खोलीत उष्णता सोडण्यासाठी वाफेला ४५ अंशांच्या आसपास पोचावेच लागते. मागच्या जाळीत, किंवा हल्लीच्या बहुतेक मॉडेलांत बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या नळीत, ती उष्णता सोडून वाफेचा पुन्हा द्रव होतो. तो ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळला जातो आणि सुईच्या भोकाएवढ्या बारीक, पण दोन-तीन मीटर लांब अशा कॅपिलरी नळीत शिरतो. कॅपिलरीच्या दुसऱ्या टोकाला दाब एकदम पडतो, द्रव पुन्हा उकळू लागतो आणि फेरी पूर्ण होते.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे. द्रव किती अंशांना उकळेल हे त्याच्यावरचा दाब ठरवतो. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर उकळते, तसेच फ्रीझरमध्ये दाब वाढला की गॅस जास्त तापमानाला उकळतो, म्हणजेच फ्रीझर कमी थंड होतो. जास्त गॅस म्हणजे जास्त कूलिंग असे मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पहिली चूक: गॅस गेजवर बघून भरणे

गेल्या मे महिन्यात कोपरखैरण्याच्या एका घरातून बोलावणे आले. एका दाराचा, जेमतेम तीन वर्षांचा फ्रिज होता. फ्रिज अगदी व्यवस्थित चालत असताना थर्मोस्टॅटचा सांधा सैल झाल्यामुळे कॉम्प्रेसर अधूनमधून बंद पडत होता. दोष एवढाच होता. त्यासाठी आधी आलेल्या एका तरुण कारागिराने थर्मोस्टॅट बदलला, ते योग्यच होते. पण ‘आलोच आहे तर गॅसही बघतो’ म्हणून त्याने चार्जिंगच्या नळीला व्हॉल्व्ह बसवून गेज लावले. फ्रिज चालू असताना काटा शून्याच्या खाली गेलेला पाहून गॅस कमी आहे असे त्याने ठरवले, आणि काटा ५ पीएसआयवर येईपर्यंत डब्यातून गॅस सोडला. त्या दिवसापासून त्या घरात आइस्क्रीम घट्ट राहिले नाही आणि बर्फाच्या ट्रेमध्ये वर पापुद्रा व खाली पाणी अशी अवस्था झाली.

मी गेलो तेव्हा फ्रीझरमधून कॉम्प्रेसरकडे परत येणारी नळी कॅबिनेटच्या बाहेरही बारीक बर्फाच्या पांढऱ्या खरीने झाकलेली होती. मशीन बंद पडले की ती खर वितळून पाणी फरशीवर यायचे, आणि घरातल्या काकू रोज तिथे जुना टॉवेल अंथरत होत्या. ‘अहो, गॅस भरून घेतला आणि फ्रिज जास्तच बिघडला,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे निदान तंतोतंत बरोबर होते. खर कुठवर आहे हे पाहणे ही माझी पहिली सवय आहे. गॅस कमी असेल तर फ्रीझरच्या सुरुवातीच्या भागावरच खर दिसते आणि बाकीचा भाग कोरडा राहतो. गॅस जास्त असेल तर द्रव फ्रीझरमध्ये पूर्ण उकळत नाही, तसाच पुढे वाहतो, आणि परतीच्या नळीवर बाहेर खर धरते. ही उघडी नळी पाहायला गेजही लागत नाही.

आता त्या तरुणाचे चुकले कुठे, ते पाहू. तो ज्या फ्रिजांवर शिकला, त्यांत आर-१३४ए हा गॅस होता. हा गॅस हवेच्या साध्या दाबाला, म्हणजे गेजवरच्या शून्याला, उणे २६ अंशांना उकळतो, आणि ५ पीएसआयला साधारण उणे २० अंशांना. त्यामुळे त्या फ्रिजवर काटा शून्याच्या थोडा वर असणे ठीकच असते. कोपरखैरण्याच्या फ्रिजच्या मागच्या पट्टीवर मात्र आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असे लिहिलेले होते. हा गॅस शून्यावर उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो आणि ५ पीएसआयला फक्त उणे ४ अंशांना. नळीच जर उणे ४ अंशांवर असेल, तर बर्फाच्या ट्रेची अवस्था वेगळी कशी होणार? या गॅसवर उणे २५ अंश मिळवायचे, तर काटा शून्याच्या खाली, पाऱ्याच्या सुमारे १२ इंच व्हॅक्यूमवर जावा लागतो. जो काटा पाहून तो घाबरला, तो काटा निरोगी फ्रिजचा होता.

त्या फ्रिजसाठी पट्टीवर फक्त ४६ ग्रॅम गॅस लिहिला होता. एवढ्या लहान प्रमाणात दहा-पंधरा ग्रॅमची चूक फार मोठी ठरते, आणि अशी चूक काट्यावरून ओळखता येत नाही. खोलीचे तापमान, आतला माल, मशीन किती वेळ चालले आहे, या सगळ्यांबरोबर काटा हलतो. म्हणून मी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा जवळ बाळगतो, डबा त्यावर ठेवतो आणि पट्टीवरचा आकडा मोजूनच सोडतो. गेज मी त्यानंतर, फक्त खात्रीसाठी पाहतो.

तिथे मी जादा गॅस थोडा थोडा सोडून अंदाजाने जुळवला नाही, कारण आत किती आहे हेच कोणाला माहीत नव्हते. आयसोब्युटेन ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसची शेगडी बंद केली, स्विचना हात न लावण्यास घरच्यांना सांगितले आणि लांब नळीने सगळा गॅस गॅलरीबाहेर मोकळ्या हवेत सोडला. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला गॅसही उरतो, त्यामुळे पंपाने तोही ओढून बाहेर घालवला आणि नळ्यांमधून नायट्रोजन फिरवला. त्यानंतरच ड्रायर कटरने कापला, ज्योतीने वितळवून काढला नाही. नवा ड्रायर बसवला, पाऊण तास व्हॅक्यूम केले, मोजून ४६ ग्रॅम सोडले. तीन तासांनी काटा १२ इंचांवर स्थिर होता, परतीची नळी बाहेर कोरडी होती आणि फ्रीझरमधला थर्मामीटर उणे १७ दाखवत होता.

दुसरी चूक: जुना ड्रायर ठेवणे आणि व्हॅक्यूमला दहा मिनिटे देणे

ड्रायर म्हणजे कॅपिलरीच्या तोंडाशी असलेली, ओल शोषणाऱ्या दाण्यांची छोटी कुपी. नळी एकदा उघडली की आपल्याकडची पावसाळी हवा आत जाते आणि हे दाणे तिची ओल पिऊन निकामी होतात. तरीही वेळ आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी तोच ड्रायर ठेवणारे आणि पंप लावून चहा पिऊन होईपर्यंतच थांबणारे कारागीर मी दर वर्षी पाहतो. व्हॅक्यूम फक्त हवा काढण्यासाठी असते असा त्यांचा समज असतो. खरे तर कमी दाबाखाली नळीतले पाणी उकळून वाफ होऊन बाहेर पडावे हाही त्याचा उद्देश असतो, आणि तेलात मुरलेल्या ओलीला त्यासाठी वेळ लागतो. घाई असलेल्याने हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत राहिलेल्या पाण्याचा खेळ मजेशीर असतो. ते गॅसबरोबर फिरते आणि तापमान जिथे प्रथम शून्याखाली जाते तिथे, म्हणजे कॅपिलरी फ्रीझरमध्ये उघडते त्या टोकाला, गोठते. तिथले भोक मिलिमीटरपेक्षाही लहान असते, त्यामुळे बर्फाचा एक कण पुरतो. फ्रिज तासभर छान थंड होतो, मग कूलिंग थांबते, मागची जाळी गार पडते आणि काटा खोल व्हॅक्यूममध्ये जातो. आतला भाग गरम झाला की कण वितळतो, कूलिंग परत येते, आणि तासाभराने पुन्हा तेच. कारागीर आला की फ्रिज नेमका चालू असतो, हे ग्राहकांचे गाऱ्हाणे बहुधा याच दोषाचे असते.

खात्री करण्यासाठी मी कॅपिलरीच्या टोकाला गरम पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे गुंडाळतो. आतून सूं असा आवाज सुरू झाला आणि काटा वर सरकला, तर पाणीच आहे. काही फरक पडला नाही, तर कॅपिलरी कचऱ्याने तुंबली आहे किंवा गॅस खरोखरच गळला आहे. ओल सापडल्यावर वरून आणखी गॅस सोडणे निरर्थक आहे, गॅस काढून नवा ड्रायर बसवावा आणि पूर्ण व्हॅक्यूम करावे.

इथे आयसोब्युटेनची एक खोड लक्षात ठेवावी. फ्रीझरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने तिथे पडलेल्या छिद्रातून, मशीन चालू असताना, गॅस बाहेर जाण्याऐवजी दमट हवाच आत ओढली जाते. म्हणून अशा फ्रिजचे छिद्र शोधताना मशीन बंद ठेवून साबणाचा फेस लावावा, कारण चालू मशीनवर बुडबुडा येणारच नाही.

बाकीच्या चुका

साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये, कारण माझ्या पाहण्यातली फ्रीझरची बहुतेक छिद्रे त्यानेच पडलेली आहेत.

बाजूचे पत्रे गरम लागतात म्हणून फ्रिज बिघडला असे समजू नये, आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. ओट्याच्या कोनाड्यात तो दोन्हीकडून कोंबून बसवला, तर मात्र ती उष्णता जायला जागा उरत नाही आणि कॉम्प्रेसर दिवसभर बंदच होत नाही.

वीज जाऊन लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटे बंद ठेवावा. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे दाब कॅपिलरीतून हळूहळू समान होतात. त्याआधी सुरू केलेला कॉम्प्रेसर भरलेल्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, फक्त गुरगुरतो आणि टिक असा आवाज करून, जास्त भार आल्यावर वीज तोडणाऱ्या ओव्हरलोडवर बंद पडतो. हा आवाज ऐकून कॉम्प्रेसर जळाल्याचे सांगणाऱ्याकडून नवीन कॉम्प्रेसरचा दर घेण्यापूर्वी घड्याळ लावून पाच मिनिटे थांबून पाहावे.