‘९८०० एमएएच’चा सेल हातात आला तर

टॉर्चमध्ये किंवा पॉवर बँकेत जो जाडसर लिथियम सेल असतो, तो बहुतेक वेळा १८६५०: १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. एवढ्याशा डबीत नावाजलेल्या कंपन्याही साधारण ३६०० एमएएचच बसवू शकतात. म्हणून कव्हरवर ६८०० किंवा ९८०० दिसलं की सेल परत ठेवा.

हे आकडे छापणं सोपं आहे. ते रंगीत कव्हर म्हणजे गरम हवेने आकसणारी प्लास्टिकची नळी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवरही ती नव्याने चढवता येते. ब्रँडच नसल्यामुळे जाब विचारायला कोणी नाही, आणि गिऱ्हाईक शेवटी मोठा आकडाच उचलतं.

डोकेदुखी असते ती २६०० किंवा ३००० छापलेल्या सेलची, कारण तो आकडा शक्य कोटीतला असतो. आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीत अडकला तर आत माल कमी आहे. वजन बरोबर आलं तरी हुरळू नका, आत पावडर भरलेले सेलही निघालेत.

मल्टिमीटरवर ४.२ व्होल्ट आले म्हणजे सेल चांगला, हा सल्ला तर विसराच. त्यातून सेल भरलाय एवढंच कळतं, त्यात मावतं किती ते नाही. पेलाही काठोकाठ भरतो आणि बादलीही.

खरी परीक्षा डिस्चार्जची, आणि मी फसलो तो इथेच. माझ्या चार्जरने एका सेलमध्ये २८०० एमएएच ‘भरल्याचं’ दाखवलं आणि मी तसलेच आणखी चार आणले. तो सेल आतून गळत होता. तो पूर्ण भरत नव्हता, चार्जर करंट देत राहिला आणि आकडा चढत गेला. सेल हाताला चांगलाच गरम लागत होता, त्याकडे मी काणाडोळा केला. चार्जर फक्त आत घातलेलं मोजतो, सेलने परत किती दिलं ते नाही. त्यामुळे क्षमता तपासणारा, म्हणजे सेल रिकामा करून मोजणारा चार्जरच घ्या. सेल पूर्ण भरा, तासभर तसाच ठेवा, मग ५०० मिलिअँपिअरने २.८ व्होल्टपर्यंत उतरवा आणि वेळ लिहा. ‘३०००’वाल्याला जवळजवळ सहा तास लागायला हवेत. माझा १ तास ५० मिनिटांत संपला. ५०० मिलिअँपिअर गुणिले १.८३ तास, म्हणजे जेमतेम ९१५ एमएएच.

छापील आकड्यापेक्षा दहा टक्के कमी आलं तर कटकट करू नका. बऱ्याच कंपन्या अडीच व्होल्टपर्यंत उतरवून मोजतात. निम्मं आलं तर सेल परत करा.

चाचणी चालू असताना घराबाहेर जायचं नाही. सेल तापला की काढून फरशीवर ठेवायचा. आत काय आहे बघायला ब्लेड लावायचं नाही, आणि टाकायचा तो ई-कचऱ्यात.